परदेशी बंदरात ‘चहापाणी’ मागितलं तर काय करायचं: बोटीवर नव्याने ऑफिसर झालेल्यांसाठी

रत्नागिरी, अलिबाग, मुंबईकडची बरीच पोरं आता थर्ड मेट, सेकंड मेट होऊन परदेशी बंदरात जातायत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला धक्का वादळाचा नसतो. गँगवेवरून वर येणाऱ्या सात-आठ युनिफॉर्मवाल्यांचा असतो. कस्टम्स, इमिग्रेशन, पोर्ट हेल्थ, क्वारंटाईन, अजून कुणी कुणी. सगळे मेसरूममध्ये बसतात, कोल्ड्रिंक घेतात, कागद चाळतात आणि मग एकजण हळूच म्हणतो, कॅप्टन, आमच्या पोरांसाठी काहीतरी बघा. सिगारेटचे कार्टन, व्हिस्की, कधी थेट डॉलर. मी या सगळ्यातून बरीच वर्षं गेलोय, सुरुवातीला वरिष्ठ देताना बघितलंय, स्वतः मास्टर झाल्यावर नाही म्हणायला शिकलोय, म्हणून जे कामाचं आहे ते क्रमाने लिहितो.

आधी समोरचा नक्की काय मागतोय ते ओळखा

चार वेगळ्या गोष्टी असतात आणि नवीन माणूस त्या एकाच टोपलीत टाकतो.

पहिली म्हणजे अधिकृत फी. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी कस्टम्सला बोलावलं तर कित्येक बंदरांत ओव्हरटाईम लागतो, त्याचं दरपत्रक असतं, पावती मिळते. ती बिनदिक्कत द्यायची. दुसरी म्हणजे ज्याला फॅसिलिटेशन पेमेंट म्हणतात ती, म्हणजे कागद सगळे बरोबर आहेत, शिक्का मारणं हे त्याचं कामच आहे, तरी तो मारण्यासाठी किंवा लवकर मारण्यासाठी तो चिरीमिरी मागतो. तिसरी सरळ लाच, तुमच्यात काहीतरी चूक आहे आणि ती न बघण्याचे पैसे, किंवा तुमचा हक्क नाही असं काहीतरी पदरात पाडून घेण्याचे पैसे. चौथी खंडणी, माणसाला इजा करू किंवा आत टाकू अशी धमकी देऊन मागितलेले.

हा फरक का महत्त्वाचा, तर कायदे इथेच वेगळे होतात. अमेरिकेचा परदेशी लाचविरोधी कायदा 1977 चा आहे, आणि 1988 पासून त्यात दुसऱ्या प्रकाराला, म्हणजे नेहमीच्या सरकारी कामाला गती देण्यासाठी दिलेल्या पैशाला, स्पष्ट सूट आहे. ब्रिटनचा कायदा 2010 चा, 1 जुलै 2011 पासून लागू, त्यात ही सूट अजिबात नाही, दहा डॉलर दिले तरी ती लाचच. कॅनडाकडे सूट होती, त्यांनी ती 2017 मध्ये काढून टाकली. आपल्याकडे 2018 च्या दुरुस्तीनंतर भारतीय सरकारी नोकराला लाच देणारा थेट गुन्हेगार ठरतो, आणि जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवलं पाहिजे अशी तरतूद आहे. पण परदेशी अधिकाऱ्याला लाच देण्यावर आपला वेगळा कायदा नाही, 2011 मध्ये विधेयक आलं होतं ते पास न होताच राहिलं. म्हणून काही जण म्हणतात की आपल्याला काय, आपण इंडियन. तसं नाहीये. एक तर तो ज्या देशात घेतो तिथल्या कायद्यात तो गुन्हा आहेच, आणि तुमची मॅनेजिंग कंपनी लंडनमध्ये धंदा करत असेल तर ब्रिटनचा कायदा कंपनीला पकडतो, मग पैसे देणारा माणूस कुठल्या का पासपोर्टचा असेना.

आणि अमेरिकेची सूट दिसते तेवढी मोठी नाही हेही लक्षात ठेवा. बाँड स्टोअरमधली, म्हणजे ड्यूटी न भरलेल्या सिगारेट-दारूच्या कुलूपबंद कोठारातली, गडबड न बघण्यासाठी दिलेले पैसे त्या सुटीत बसत नाहीत, कारण चूक सोडून देणं हे ‘नेहमीचं काम’ नव्हे.

‘आमच्याकडे असंच चालतं’ याचं काय

हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच ट्रिपला पडेल म्हणून आधीच घेतो. एजंट सांगतो, शिप शांडलर सांगतो, आपलाच जुना चीफ इंजिनियर सांगतो की इथली पद्धत आहे, आपण बाहेरचे, आपण कोण यांना नीती शिकवणारे. यात थोडं खरं आहे. पाहुण्याला काहीतरी देणं, घरी आलेल्याला रिकाम्या हाती न पाठवणं ही खरी रीत आहे, आपल्याकडेही आहे, आणि पायलट रात्री दोन वाजता भिजून वर आला तर त्याला गरम कॉफी आणि अंडा सँडविच देणं याला मी कधीच लाच म्हणणार नाही. ते कुणापासून लपवावं लागत नाही, त्याच्या बदल्यात काही मागायचं नसतं, आणि नाही दिलं तर बोट अडकत नाही.

पण रीत असेल तर तिला खोटं नाव का लागतं? आपल्याकडे ‘चहापाणी’ म्हणतात, केनियात ‘किटू किडोगो’ म्हणजे थोडंसं काहीतरी, मेक्सिकोत ‘मोर्दिदा’ म्हणजे चावा. कुठेच कुणी ‘लाच द्या’ असं म्हणत नाही. ज्या समाजात ही गोष्ट खरोखर मान्य आहे असं सांगतात, त्याच समाजाने तिच्यावर पांघरूण घालायला शब्द तयार केलेत. आणि कायदा बघितला तर इजिप्त घ्या, नायजेरिया घ्या, दोन्हीकडे सरकारी माणसाने असे पैसे घेणं गुन्हाच आहे, संयुक्त राष्ट्रांच्या 2003 च्या भ्रष्टाचारविरोधी करारात जगातले जवळजवळ सगळे देश आहेत.

माझं मत पक्कं झालं ते मात्र एका साध्या बोलण्यातून. पश्चिम आफ्रिकेतल्या एका बंदरात एजंटचा बोर्डिंग क्लार्क, पंचविशीतला मुलगा, सकाळी मला समजावत होता की कॅप्टन, द्या आणि मोकळे व्हा, इथे असंच असतं. संध्याकाळी कागदांची वाट बघत आम्ही ब्रिज विंगवर उभे होतो तेव्हा तो आपणहून सांगायला लागला, की बहिणीला बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात नेलं तर बेड मिळायला नर्सच्या हातात पैसे ठेवावे लागले, पैसे कमी पडले म्हणून तो शेजाऱ्याकडे धावला. सांगताना त्याचा आवाज बदलला होता. त्याला त्या वेळी ती ‘इथली पद्धत’ वाटत नव्हती, त्याला राग आला होता, आणि तो राग माझ्या रागापेक्षा जास्त खरा होता. पद्धत आहे असं म्हणणारा आणि पद्धतीखाली भरडला जाणारा माणूस बरेचदा एकच असतो. तेव्हापासून नाही म्हणताना मला आपण परक्यांवर आपली नीती लादतोय असं वाटत नाही.

बंदरात शिरण्याआधीचं काम: इथेच निम्मी लढाई होते

मागणाऱ्याला निमित्त लागतं, आणि ते निमित्त नव्वद टक्के वेळा तुमच्या कागदात सापडतं. म्हणून पोचायच्या तीन-चार दिवस आधी हे करायचं.

बोटीवरच्या सामानाची यादी, म्हणजे शिप्स स्टोअर्स डिक्लेरेशन, मागच्या बंदराची कॉपी करून कधीच देऊ नका. प्रत्यक्ष बाँड स्टोअरमध्ये जाऊन सिगारेटचे कार्टन आणि बाटल्या मोजा, फोडलेलं कार्टन असेल तर ते पाकिटांत लिहा. पेंट, ल्यूब ऑईल, औषधांच्या कपाटातली मॉर्फिनसारखी औषधं हे सगळं मोजून. क्रूच्या वैयक्तिक सामानाच्या यादीत प्रत्येकाचा मोबाईल, लॅपटॉप आणि जवळची रोकड आली पाहिजे. कुणी तरी चारशे डॉलर कपाटात ठेवतो आणि लिहायला विसरतो, आणि मग तेच सापडतं. गॅलीमध्ये कुकला सांगून तारीख उलटलेला प्रत्येक डबा काढा. सॅनिटेशन सर्टिफिकेट सहा महिन्यांचं असतं, ते बंदरात असताना संपत नाही ना हे बघा.

यलो फीव्हरच्या कार्डाबद्दल खास सांगतो कारण यात पोरं फसतात. पूर्वी ते दहा वर्षांनी संपायचं आणि कार्डावर तशी तारीख छापलेली असते. पण जुलै 2016 पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते, जुन्या कार्डांनाही तेच लागू. काही ठिकाणी हेल्थवाला जुनी तारीख दाखवून ‘एक्स्पायर्ड’ म्हणतो आणि माणशी दंड सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या नियमाचा प्रिंट काढून कार्डांच्या फाईलमध्ये लावून ठेवा. मी तो कागद दोनदा पुढे सरकवलाय आणि दोन्ही वेळा विषय तिथेच संपला.

मग एजंटला लेखी मेल, आधीच. की आमच्या कंपनीचं धोरण असं आहे, पावतीशिवाय आम्ही काही देणार नाही, कुठली अधिकृत फी असेल तर तिचं दरपत्रक आत्ताच पाठवा, आणि आमच्या वतीने तुम्हीही कुणाला काही द्यायचं नाही. हा शेवटचा भाग सोडू नका, त्याचं कारण खाली येईल.

गँगवेपासून केबिनपर्यंत

गँगवेवर कंपनीच्या धोरणाचा बोर्ड लावा, इंग्लिश आणि तिथल्या भाषेत. व्हिजिटर लॉगमध्ये प्रत्येकाचं नाव, खातं आणि वेळ. कुणी नाव लिहायला नकार दिला तर भांडू नका, ‘नाव दिलं नाही, उंच, कस्टम्सचा युनिफॉर्म, 15:20’ असं तुम्हीच लिहा. बोटीवर फिरताना प्रत्येक गटाबरोबर आपला एक माणूस, शक्य झालं तर दोन. हे त्यांच्यावर संशय म्हणून नाही, नंतर काय सापडलं आणि कुठे सापडलं यावर वाद झाला तर साक्षीदार लागतो.

बोलणी मास्टरच्या केबिनमध्ये दार लावून एकट्याने करू नका. दार उघडं ठेवा, चीफ मेटला आत बसवा, जमलं तर एजंटलाही. पैसे मागणाऱ्याला प्रेक्षक नको असतात.

चहा, पाणी, जेवण द्या. आवाज चढवू नका. ‘तुम्ही भ्रष्ट आहात’ हे वाक्य तोंडातून येता कामा नये, कारण मग तो प्रश्न त्याच्या इज्जतीचा होतो आणि माघार घ्यायला त्याला वाट उरत नाही. मी एवढंच म्हणायचो, साहेब, मला कंपनीने अधिकारच दिलेला नाही, माझी नोकरी जाईल, तुम्ही जो नियम मोडलाय म्हणता त्याचा नंबर आणि दंडाची रक्कम कागदावर द्या, मी आत्ता कंपनीला पाठवतो, पावती मिळाली की पैसे एजंटमार्फत येतील. हेच, याच शब्दांत, पुन्हा पुन्हा.

आणि एक खूण लक्षात ठेवा. खरा दंड घासाघीस करत नाही. आठ हजार डॉलर सांगणारा वीस मिनिटांत पाचशेवर आला तर तो दंड नव्हताच.

एक प्रसंग, आकड्यांसकट

काकीनाड्याहून पोत्यातला तांदूळ घेऊन आम्ही पश्चिम आफ्रिकेत गेलो होतो, मी मास्टर. बर्थला लागलो, दुपारी 15:20 ला कस्टम्सची सात जणांची टीम वर आली. बाँड स्टोअरमध्ये आमच्या यादीप्रमाणे सिगारेटचे 48 कार्टन हवे होते, निघाले 51. मधल्या एका बंदरात तीन कार्टन आले होते आणि थर्ड मेटने ते यादीत घेतले नव्हते, सही माझी होती. म्हणजे चूक आमची, यात काही वाद नाही.

16:10 ला मुख्य माणसाने सांगितलं, चुकीचं डिक्लेरेशन, आठ हजार डॉलर दंड, भरेपर्यंत डिस्चार्ज सुरू होणार नाही. मी लेखी मागितलं. तो हसला, एजंटकडे बघितलं, आणि थोड्या वेळाने एजंटच माझ्या कानाशी येऊन म्हणाला, पाचशे डॉलर आणि दहा कार्टन, आत्ता संपेल.

खरं सांगतो, मोह झाला. हॅच उघडून तयार होत्या, किनाऱ्यावर ट्रकांची रांग लागली होती, आणि आमचा डेमरेजचा, म्हणजे बोट ठरल्यापेक्षा जास्त अडकली तर ती भाड्याने घेणाऱ्याने द्यायच्या भरपाईचा, दर दिवसाला 12,000 डॉलर होता, म्हणजे तासाला 500. त्याची मागणी बोटीच्या एका तासाएवढी. पण ही मागणी कुठल्या प्रकारातली? चूक सोडून देण्याचे पैसे, म्हणजे तिसरा प्रकार, सरळ लाच, अमेरिकेच्या सुटीतही न बसणारी.

मी लॉगबुकमध्ये वेळ लिहिली, 16:45 ला कंपनीच्या डीपीएला, म्हणजे बोटींच्या सुरक्षेसाठी ऑफिसात नेमलेल्या माणसाला, फोन केला, त्याने पी अँड आय क्लबच्या, म्हणजे जहाजमालकांच्या विमा संस्थेच्या, तिथल्या प्रतिनिधीला उठवलं. चार्टररला, म्हणजे बोट भाड्याने घेणाऱ्याला, मेल गेला की अशी मागणी झाली आहे, आम्ही विरोध करतोय, तुम्हीही मदत करा. त्यानंतर मी लेटर ऑफ प्रोटेस्ट काढलं. याचं कारण चार्टर पार्टीत, म्हणजे बोटीच्या भाडेकरारात, बिम्को या जहाज व्यवसायातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं 2015 चं अँटी-करप्शन कलम होतं. ते थोडक्यात असं आहे, की अशी मागणी झाली तर मास्टरने चार्टररला लगेच कळवायचं, दोघांनी मिळून विरोध करायचा, आणि तरीही मागणी मागे घेतली गेली नाही तर मास्टर लेटर ऑफ प्रोटेस्ट काढू शकतो. ते काढलं की उलट ठोस पुरावा नसेल तर झालेला उशीर मागणीला विरोध केल्यामुळेच झाला असं धरतात, आणि तो वेळ लेटाईममध्ये, म्हणजे माल चढवायला-उतरवायला ठरलेल्या वेळेत, किंवा डेमरेजमध्ये मोजला जातो. म्हणजे नाही म्हणण्याचा खर्च एकट्या मालकाच्या डोक्यावर पडत नाही. तुमच्या चार्टर पार्टीत हे कलम आहे का ते ट्रिप सुरू होतानाच बघून घ्या, बंदरात बसून शोधू नका.

रात्रभर काही हललं नाही. सकाळी क्लबचा माणूस कस्टम्सच्या वरच्या ऑफिसात गेला, हातात आमचं पत्र, जादा निघालेल्या तीन कार्टनचा हिशेब आणि चूक कबूल करणारी माझी सही. तिथे छापील फॉर्मवर दंड लिहून मिळाला, 400 डॉलर. भरला, पावती आली, 10:10 ला डिस्चार्ज सुरू. अठरा तास गेले, म्हणजे हिशेबाने 9,000 डॉलर.

चार्टररने ते सगळे मान्य केले नाहीत. त्यांचं म्हणणं, उशिराचं मूळ तुमची चुकीची यादी, फक्त लाचेची मागणी नाही. आणि ते म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. काही महिने मेलामेली होऊन अर्ध्यावर, 4,500 वर तडजोड झाली. तर पाचशे वाचवायला मालकाला दंडासकट 4,900 लागले. हे मी लपवत नाही, कारण ‘प्रामाणिकपणा स्वस्त पडतो’ असं कुणी सांगितलं तर नवीन माणूस पहिल्याच वेळी फसल्यासारखा होतो. त्या एका बंदरात, त्या एका दिवशी तो महाग पडतो. पण बोटींची नावं आणि कोण देतं कोण देत नाही हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत असतं. दिलंत तर पुढच्या खेपेला आकडा तिथून सुरू होतो, आणि आपल्या मागून येणाऱ्या बोटीवरही तोच आकडा लादला जातो, मग तिची यादी चोख का असेना. त्याच कंपनीची दुसरी बोट पाच महिन्यांनी तिथे गेली, तिची यादी नीट होती आणि दोन तासांत क्लिअरन्स मिळाला, मागणी झाली ती फक्त दोन कार्टनची आणि नाही म्हटल्यावर सोडूनही दिली.

एजंटचं बिल नीट वाचा

आता त्या मेलमधल्या शेवटच्या वाक्याकडे येतो. बोटीवर आपण ताठ उभे राहतो आणि एजंट खाली जाऊन आपल्याच नावाने देऊन येतो, मग पोर्ट डिसबर्समेंट अकाउंटमध्ये, म्हणजे बंदराच्या खर्चाच्या बिलात, ते कुठल्या तरी गोड नावाने घालतो. ‘संड्रीज’, ‘लोकल असिस्टन्स’, ‘क्लिअरन्स एक्स्पेन्सेस’, पुढे गोल आकडा, पावती नाही.

यात किती मोठं प्रकरण होऊ शकतं ते 2010 च्या नोव्हेंबरमध्ये दिसलं. पॅनलपिना ही स्वित्झर्लंडची फॉरवर्डिंग कंपनी नायजेरियात आणि इतर काही देशांत गिऱ्हाइकांच्या वतीने कस्टम्सवाल्यांना पैसे देत होती आणि बिलात ते ‘लोकल प्रोसेसिंग चार्जेस’, ‘स्पेशल इंटरव्हेन्शन’ अशा नावांनी लावत होती. त्या कंपनीला आणि तिच्या तेल क्षेत्रातल्या गिऱ्हाइकांना मिळून अमेरिकेत साधारण 23.6 कोटी डॉलर भरावे लागले. गिऱ्हाइकांना ‘आम्ही नाही, एजंटने दिले’ हे म्हणून सुटता आलं नाही. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने या कायद्याखालच्या नव्या केसेस काही महिने थांबवल्या होत्या, त्यावरून कुणी सांगेल की आता काही होत नाही, पण कायदा जागेवर आहे.

त्यामुळे मास्टर म्हणून बिलावर सही करण्याआधी प्रत्येक ओळीला दोन प्रश्न. दरपत्रक कुठे, आणि पैसे घेणाऱ्या खात्याची पावती कुठे? एजंटची स्वतःची पावती चालणार नाही. जिथे उत्तर नाही तिथे ‘पावती न मिळाल्याने मान्य नाही’ असं लिहून सही करा, आणि तसंच ऑफिसला पाठवा.

जीवावर आलं तर

इथे मी एकदम वेगळं सांगणार आहे. कुणी बंदूक दाखवली, क्रूमधल्या एखाद्याला खाली नेऊन कोंडण्याची धमकी दिली, आजारी माणसाला उतरवू देत नाही म्हणाला, तर द्या. विचार करत बसू नका. ही लाच नाही, ही खंडणी आहे, देणाऱ्याच्या मनात कुठला फायदा विकत घ्यायचा नसतो. ब्रिटनसारखा कडक कायदा असलेल्या देशातही जीव, शरीर किंवा स्वातंत्र्यावर आलेल्या धमकीखाली दिलेल्या पैशाला बचाव मिळू शकतो. पण ‘बोट उशिरा सुटेल’ ही या जातीची धमकी नाही. पैशाचं नुकसान म्हणजे जीवावरचं संकट नव्हे, आणि बरेच जण इथेच स्वतःला फसवतात.

दिल्यानंतरचा एक तास महत्त्वाचा. किती दिले, कुणाला, त्याने नेमके कुठले शब्द वापरले, बिल्ला नंबर दिसला असेल तर तो, कोण हजर होतं, हे लिहा, साक्षीदारांच्या सह्या घ्या, कंपनीला पाठवा. मास्टर्स कॅशच्या हिशेबात ते ‘धमकीखाली दिले’ असंच लिहा. ‘प्रोव्हिजन्स’ किंवा ‘टॅक्सी’ म्हणून लिहिलंत तर ज्या पैशात तुमचा काही दोष नव्हता, त्यात खोट्या हिशेबाचा दोष तुम्ही स्वतःहून ओढवून घेतला.

नंतर कळवा, कारण एकट्या बोटीने काही हलत नाही

सुएझ कॅनॉलला खलाशी लोक ‘मार्लबोरो कॅनॉल’ म्हणायचे हे तुमच्या कानावर आलंच असेल, तिथून जाताना सिगारेटचे कार्टन सोबत असलेच पाहिजेत असं धरूनच चालायचे सगळे. एकटा मास्टर नाही म्हणाला तर त्याच्यावर राग निघायचा, कारण मागची आणि पुढची बोट देत होती. 2011 मध्ये काही शिपिंग कंपन्यांनी मिळून मेरीटाईम अँटी-करप्शन नेटवर्क, एमएसीएन, सुरू केलं, आणि 2015 च्या डिसेंबरपासून त्यांच्या बोटींनी सुएझमध्ये ठरवून एकत्र ‘नाही’ म्हणायला सुरुवात केली. सगळेच नाही म्हणतात म्हटल्यावर मागण्या कमी झाल्या, धमक्याही कमी झाल्या. अर्जेंटिनात वेगळा मार्ग निघाला. तिथे धान्य भरण्याआधी हॅच स्वच्छ आहेत की नाही हे एकटा इन्स्पेक्टर ठरवायचा आणि नापास करण्याच्या धाकावर पैसे मागितले जायचे. मास्टर लोकांनी कळवलेल्या तक्रारी जमा होत गेल्या, त्या तिथल्या सरकारपुढे ठेवल्या गेल्या, आणि 2017 मध्ये तपासणीचे नियमच बदलले, एकाच माणसाच्या मर्जीवर निकाल राहिला नाही. दोन्हीकडे माणसं तीच, देश तोच, संस्कृती तीच. बदललं ते एवढंच की एकट्याला एकटं गाठून मागायची सोय गेली.

एमएसीएनकडे नाव न देता तक्रार नोंदवता येते, बंदर, खातं, मागितलेली वस्तू आणि रक्कम एवढं पुरतं, दिलं नसलं तरी नोंदवा. नायजेरियात आणि आणखी काही ठिकाणी त्यांची हेल्पडेस्क आहे, बोट अडकलेली असतानाच फोन करता येतो, तो नंबर बंदरात शिरण्याआधी ब्रिजवर चिकटवून ठेवा.

आणि साइन ऑफ करताना हँडिंग ओव्हर नोट्समध्ये अशा बंदराचं एक पान वेगळं ठेवा. कुठल्या खात्याने काय मागितलं, कुठल्या कागदावरून अडवलं, काय दाखवल्यावर सोडलं, एजंट कुणाच्या बाजूने बोलला. माझ्या आधीच्या मास्टरने असं पान ठेवलं असतं तर मी थर्ड मेटला बाँड स्टोअर पुन्हा मोजायला लावलं असतं. मी ठेवलं, पहिली ओळ ‘सिगारेटचे कार्टन स्वतः मोजा’ अशी लिहून, आणि खाली त्या 400 डॉलरच्या पावतीची झेरॉक्स लावली.